महिन्याचं व्याज घेतलं तर खरंच लाखाचं नुकसान?

वाचकाचं पत्र

मी साखर कारखान्यातून निवृत्त झालो. वय ६३. फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून १६ लाख रुपये हातात आहेत. पेन्शन महिन्याला ३,००० रुपये. आम्ही दोघंच, घरखर्च ११,००० च्या आसपास. दर महिन्याला व्याज मिळेल अशी एफडी करायची म्हणून बँकेत गेलो. काऊंटरवरची मुलगी चांगली आहे, पण ती म्हणाली, "काका, पाच वर्षांसाठी क्युम्युलेटिव्ह ठेवलं तर सात टक्क्यांनी सहा लाख त्रेसष्ट हजार व्याज मिळतंय. महिन्याला घेतलं तर पाच लाख छप्पन्न हजारच. एक लाखावर पाणी सोडताय बघा!" मी म्हटलं, "अगं, पण महिन्याला लागतात की पैसे." त्यावर ती म्हणाली, "मग तुमची मर्जी, पण क्युम्युलेटिव्हला वर्षाला आठ टक्क्यांच्या वर पडतं." पुण्याचा मुलगाही म्हणतो, "बाबा, क्युम्युलेटिव्हच करा, लागतील तसे मी पाठवीन." फॉर्म अर्धा भरून घरी आणलाय. मी लाखाचं नुकसान करून घेतोय का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर

नमस्कार.

त्या मुलीची आकडेमोड बरोबर आहे. १६ लाख, ७ टक्के, पाच वर्षं आणि दर तिमाहीला चक्रवाढ असा हिशेब केला तर व्याज ६,६३,६४५ रुपये होतं. दरमहा व्याजाच्या ठेवीत तुम्हाला महिन्याला ९,२७९ रुपये मिळतील. साठ महिन्यांचे ५,५६,७४० होतात, म्हणजे फरक १,०६,९०५ रुपयांचा. आकडे खरे आहेत. त्या फरकाला नुकसान म्हणायचं का, एवढंच पाहायचं आहे.

हा लाख रुपये येतो कुठून? दोन्ही ठेवींचा दर एकच आहे, ७ टक्के. क्युम्युलेटिव्ह ठेवीत तुमचं व्याज बँकेतच राहतं आणि त्या व्याजावर पुन्हा व्याज चढतं. दरमहा ठेवीत व्याज तुमच्या हातात येतं, त्यामुळे त्यावर व्याज देण्याचा प्रश्नच उरत नाही. लाखाचा फरक म्हणजे तुम्ही पाच वर्षं न वापरता बँकेकडे ठेवलेल्या व्याजाचं व्याज. पटत नसेल तर एक हिशेब करून पाहा. दर महिन्याला आलेले ९,२७९ रुपये तुम्ही एक पैसाही खर्च न करता ७ टक्क्यांच्याच आरडीत भरत गेलात, तर पाच वर्षांनी तिथेही जवळपास तेवढेच ६,६३,००० जमतील. म्हणजे बँक क्युम्युलेटिव्हवाल्याला जास्त देते आणि महिनेवाल्याला कमी, असं काही नाही.

"आठ टक्क्यांच्या वर" हा आकडाही असाच आला. पाच वर्षांचं एकूण व्याज मुद्दलाच्या ४१.४८ टक्के होतं, त्याला पाचाने भागलं की ८.३० येतात. हा भागाकार आहे, ठेवीचा दर नव्हे. तिमाही चक्रवाढीने वर्षाचं खरं उत्पन्न ७.१९ टक्के बसतं. कुठल्याही बँकेत असा आकडा दाखवला तर "हा दर आहे की सरासरी?" एवढं विचारा. दोन बँकांची तुलना करताना दर दराशीच ताडून पाहायचा.

मासिक व्याजाबद्दल एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पासबुक पाहिल्यावर ती तुमच्या लक्षात येईलच. १६ लाखांचे ७ टक्के म्हणजे वर्षाला १,१२,०००, त्याला बाराने भागलं तर ९,३३३ यायला हवेत, पण येतात ९,२७९. हे ५४ रुपये कुणी कापलेले नसतात. ठेवीचा दर तिमाहीचा असतो आणि बँक तिमाही संपायच्या आधीच पैसे देते, म्हणून तेवढी सूट वजा करते. तेव्हा दरमहा ठेव घेताना दर नुसता बारानं भागू नका, "हातात नेमके किती येणार?" असं विचारा.

आता तुमच्या घराकडे येऊ. खर्च ११,०००, पेन्शन ३,०००. दर महिन्याला ८,००० कमी पडतात. हे ८,००० कपिलतीर्थ मंडईतल्या भाजीला, दुधाला, गॅसला, लाइट बिलाला आणि औषधांना जाणार आहेत. खर्च होणाऱ्या पैशावर चक्रवाढ व्याज मिळत नाही म्हणून हळहळण्यात अर्थ नाही, कारण तो पैसा ठेवीत राहणारच नव्हता. पण सगळे १६ लाख दरमहा ठेवीत घातले, तर ८,००० ऐवजी ९,२७९ येतील आणि १,२७९ रुपये दर महिन्याला बचत खात्यात पडून राहतील. बचत खात्याचं व्याज एफडीच्या निम्म्याहूनही कमी असतं. या १,२७९ रुपयांपुरतं त्या मुलीचं म्हणणं अगदी खरं आहे. पाच वर्षांत त्यांचा हिशेब साधारण १४,७०० रुपयांचा होतो. तुमचं खरं नुकसान व्हायचं असेल तर ते एवढंच, आणि तेही टाळता येतं.

टाळायचं असं. सगळी रक्कम एकाच प्रकारात घालायची सक्ती कुणी केलेली नाही. १४ लाखांच्या दरमहा ठेवीतून महिन्याला ८,११९ रुपये येतात. तेवढ्यात तुमची तूट भरून निघते. उरलेले २ लाख क्युम्युलेटिव्ह ठेवा. लागेल तेवढंच व्याज हातात घेतलं आणि जे लागत नाही ते वाढू दिलं, की काऊंटरवरचा वाद मिटतो. तिथे तुम्हाला "हे की ते" असं विचारलं गेलं, आणि तुम्हीही दोन्हींतलं एकच निवडायचं असं धरून चाललात.

मुलाच्या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या पत्रातलं ओझं मला तिथे जास्त जाणवलं. मुलगा मनापासून म्हणतो आहे, यात शंका नाही. पण हिशेब मांडून पाहा. तुम्ही सगळं क्युम्युलेटिव्ह केलंत तर दरमहा ८,००० त्याला पाठवावे लागतील, वर्षाला ९६,०००. पाच वर्षांत चार लाख ऐंशी हजार रुपये त्याच्या खिशातून जातील, आणि ते कशासाठी, तर तुमच्या पावतीवरचा आकडा मोठा दिसावा म्हणून. घराचा एकत्र हिशेब केला तर त्यात लाभ नाही. त्याचेही पैसे कुठेतरी ठेवीत राहिले असते किंवा त्याचं कर्ज फिटलं असतं. शिवाय पुण्यात एखाद्या महिन्यात त्याची अडचण झाली, तर तो सांगणार नाही आणि तुम्ही मागणार नाही. त्याला म्हणा, "महिन्याचं माझं मी बघतो, दवाखान्याचं मोठं काही निघालं तर तू आहेसच." हे वाटप दोघांनाही सोपं जाईल.

मुलाकडून घ्यायचं नाही आणि सगळी रक्कम क्युम्युलेटिव्हमध्ये, असं झालं तर पुढे काय होतं तेही पाहू, कारण काऊंटरवर हे क्वचितच कुणी सांगतं. सात-आठ महिन्यांत बचत खातं रिकामं होतं आणि माणूस ठेव मोडायला जातो. मुदतीआधी ठेव मोडली की ७ टक्के मिळत नाहीत. ठेव जितका काळ टिकली तितक्या काळाला, ठेव ठेवली त्या दिवशी जो दर होता तो लावतात आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड वजा करतात. समजा ४ लाखांची ठेव वर्षाने मोडली, वर्षाचा दर साडेसहा होता आणि दंड एक टक्का आहे. मग व्याज साडेपाच टक्क्यांनी मिळेल, म्हणजे सुमारे २२,४५०. सात टक्क्यांनी ते २८,७५० च्या जवळ गेलं असतं. एका वर्षात, एका ठेवीवर ६,३०० रुपये गेले. चक्रवाढीचा फायदा मुदत पूर्ण होईपर्यंत हात न लावणाऱ्याचा असतो. ज्याला दर महिन्याला पैसे लागणार हे आधीच ठाऊक आहे, त्याने तो गृहीत धरू नये.

दरमहा ठेव मोडली तरी हाच नियम लागतो. तिथे जास्त दराने दिलेलं व्याज बँक मुद्दलातून परत वळतं करते, आणि मुद्दल कमी आलेलं पाहून माणूस घाबरतो. म्हणून मोठी एकच पावती करू नका. १४ लाखांच्याही दोन-तीन पावत्या करा. गरज पडली तर एकच मोडता येईल. थोड्या दिवसांची गरज असेल तर मोडण्याआधी ठेवीवर कर्ज मिळतं का ते विचारा. बऱ्याच बँका ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देतात आणि त्याचं व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं. महिना-दीड महिन्यात परत भरणार असाल तर मोडण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

आता दरमहा व्याजाची खरी उणीव सांगतो. ८,११९ रुपये पाच वर्षं ८,११९ च राहतील. तुमची पेन्शनही वाढणारी नाही, कारण ईपीएसच्या, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजनेच्या, पेन्शनला महागाई भत्ता नसतो. खर्च मात्र वाढत जाणार. वर्षाला ५ टक्के वाढ धरली तर आजचे ११,००० पाचव्या वर्षी सुमारे १३,३७० होतील. दुसऱ्या वर्षी महिन्याला साधारण ४३० कमी पडतील, तिसऱ्या वर्षी हजार, चौथ्या वर्षी सोळाशे, पाचव्या वर्षी सव्वादोन हजार. चारही वर्षांची बेरीज ६४,००० च्या आसपास जाते.

बाजूला ठेवलेले २ लाख क्युम्युलेटिव्ह इथे कामाला येतात. त्यांची एक पावती न करता पन्नास-पन्नास हजारांच्या चार पावत्या करा, मुदत एक, दोन, तीन आणि पाच वर्षं. पहिल्या पावतीचे साडेत्रेपन्न हजारांच्या आसपास येतील. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मिळून सतरा-साडेसतरा हजारांची तूट त्यातून सहज भागते आणि चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेला किंवा घराच्या डागडुजीलाही काही उरतं. ज्या पावतीची गरज पडली नाही ती मुदत संपल्यावर पुन्हा पुढे ठेवायची. प्रत्येक मुदतीचा दर थोडा वेगळा असतो, तेव्हा फॉर्म भरताना त्या दिवसाचा तक्ता मागून घ्या.

कराबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण क्युम्युलेटिव्ह ठेवीत फसगत बहुतेक इथे होते. २०२५-२६ या आर्थिक वर्षात ज्येष्ठ नागरिकाचं एका बँकेतलं वर्षाचं व्याज १ लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते. १६ लाख एकाच बँकेत असतील तर तुम्ही कुठलाही प्रकार निवडा, ही मर्यादा ओलांडली जाते. तुमचं वर्षाचं उत्पन्न, पेन्शन धरूनही, दीड लाखाच्या आत-बाहेर आहे. कर शून्य. त्यामुळे १५ एच फॉर्म भरून दिला की टीडीएस कापला जाणार नाही. हा फॉर्म एका आर्थिक वर्षापुरता चालतो, दर एप्रिलला नवा द्यावा लागतो. विसरलात तर काय होतं? दरमहा ठेवीत पुढच्याच महिन्यात पासबुकात कमी रक्कम दिसते आणि तुम्ही बँकेत जाता. क्युम्युलेटिव्ह ठेवीत व्याज तुमच्या हातात आलेलं नसतं, तरी ते दरवर्षी जमा झालं असं धरून टीडीएस कापतात. तो ठेवीतूनच वजा होत असेल तर कुणाला पत्ता लागत नाही. पाच वर्षांनी पावतीवरच्या आकड्यापेक्षा कमी रक्कम येते तेव्हा कळतं. पावतीवर छापलेली मुदतअखेरची रक्कम टीडीएस न धरता काढलेली असते. कापलेला पैसा विवरणपत्र भरून परत मागता येतो, पण वर्षावर्षाचं विवरण वेळेत भरलेलं असेल तरच.

ही दोनच दारं नाहीत, हेही सांगायला हवं. ६० वर्षांवरच्यांसाठी सरकारची ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. पोस्टात किंवा ठरावीक बँकांत खातं उघडता येतं, मर्यादा ३० लाख, मुदत पाच वर्षं. २०२५-२६ मध्ये तिचा दर ८.२ टक्के होता आणि खातं उघडताना जो दर असतो तो पाचही वर्षं कायम राहतो. व्याज दर तिमाहीला मिळतं. त्या दराने १२ लाखांवर तिमाहीला २४,६०० येतात, म्हणजे महिन्याला ८,२०० पडले. तुमची तूट १४ लाखांऐवजी १२ लाखांतच भरून निघते आणि क्युम्युलेटिव्हसाठी २ ऐवजी ४ लाख उरतात. अडचण एवढीच की पैसे तीन महिन्यांनी एकदम येतात. पहिल्या तिमाहीसाठी पंचवीस-तीस हजार बचत खात्यात ठेवून सुरुवात केली की पुढे गाडी चालते. मुदतीआधी खातं बंद केलं तर इथेही कापणी आहे, पहिल्या वर्षाच्या आत केलं तर दिलेलं व्याजच परत घेतात. तुमच्या जागी मी दरमहाचा भाग इथे ठेवला असता.

बँकेतच ठेवायचं ठरवलंत तर १६ लाख एका ठिकाणी ठेवू नका. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत आहे आणि त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात. त्याच बँकेच्या शाहूपुरी आणि राजारामपुरी अशा दोन शाखांत ठेवलं तरी बेरीज एकच होते. दरमहा ठेवीत व्याज बाहेर निघत राहतं म्हणून रक्कम वाढत नाही. क्युम्युलेटिव्हमध्ये आज ४ लाख ठेवले तर पाच वर्षांनी ते ५,६५,००० च्या वर जातात आणि वरचा भाग विम्याबाहेर पडतो. आणि कुणी अर्धा-एक टक्का जास्त देतो म्हणून पतसंस्थेत जायचा सल्ला दिला, तर पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा लागूच नाही, हे लक्षात ठेवूनच ठरवा.

अर्धा भरलेला फॉर्म घेऊन पुन्हा त्याच मुलीकडे जा. ती तुमचं वाईट चिंतत नव्हती. तुमच्या घरखर्चाचा आकडा तिला माहीत नव्हता, म्हणून तिने जास्त व्याजाची बाजू सांगितली. या वेळी, आणि रक्कम ज्या दुसऱ्या बँकांत वाटाल तिथेही, बोलणं त्या आकड्यापासून सुरू करा, ते साधारण असं होईल:

"बाळ, मला महिन्याला आठ हजार लागतात. तेवढ्यासाठी किती ठेवावे लागतील?"

"सात टक्क्यांनी पावणेचौदा-चौदा लाख, काका."

"हातात नेमके किती येणार आणि कुठल्या तारखेला?"

"आठ हजार एकशे एकोणीस. ज्या तारखेला ठेव केली, दर महिन्याच्या त्याच तारखेला बचत खात्यात."

"वर्षाने मोडली तर दर कुठला आणि दंड किती?"

"ठेव केली त्या दिवशीचा एक वर्षाचा दर, वजा दंड. तक्ता देते तुम्हाला."

"उरलेल्यांच्या क्युम्युलेटिव्ह चार पावत्या करूया. आणि १५ एच आत्ताच भरून घे."

व्याज जमा होण्याची तारीख प्रत्येक बँकेत थोडी वेगळी असते, काही ठिकाणी महिनाअखेरीस देतात, म्हणून तो प्रश्न सोडू नका. दंडाचा आकडा तोंडी ऐकून भागवू नका, छापील तक्त्यावर पाहा.

फॉर्मवर मुदत संपल्यावर काय करायचं याचा एक रकाना असतो, तो बरेच जण कोरा सोडतात. तुमच्या लहान क्युम्युलेटिव्ह पावत्यांसाठी तिथे "रक्कम बचत खात्यात जमा करा" असं लिहा, म्हणजे गरजेच्या वेळी पैसे आपोआप पुन्हा मुदतीत अडकणार नाहीत. मात्र मग ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर पैसे बचत खात्याच्या व्याजावर पडून राहतील. प्रत्येक पावतीवर नॉमिनी म्हणून काकूंचं नाव लागलं आहे का, व्याजाचा प्रकार "मासिक" आहे की "क्युम्युलेटिव्ह", आणि दर व देय तारीख तुम्ही ठरवली तीच आहे का, हे काऊंटर सोडण्याआधी वाचून घ्या. प्रकार चुकून दुसराच छापला गेला असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करून घेणं सोपं असतं. काही महिन्यांनी गेलात तर ठेव मोडून नवी करा असं उत्तर मिळू शकतं.